परिपाठात डाउनलोडवर बोलताय? मग या चुका टाळा

परिपाठात तीन-चार मिनिटं मिळतात. त्यात ‘सुरक्षित डाउनलोड आणि निर्मात्यांचा आदर’ असा विषय आला की बहुतेक भाषणांची गाडी एकाच रुळावरून जाते: इंटरनेटचे फायदे, तोटे, व्हायरसची भीती आणि शेवटी ‘चोरी करू नका’. मुलं टाळ्या वाजवतात आणि दुपारी प्रकल्पासाठी चित्र शोधताना पहिल्या दिसेल त्या ‘Download’ बटणावर बोट ठेवतात. भाषण वाईट नसतं, पण बटणासमोर बसल्यावर उपयोगी पडेल असं त्यात काहीच नसतं. असं भाषण लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे सगळंच सांगायला जाणं. गाणी, सिनेमे, गेम, ॲप, पीडीएफ आणि फोटो तीन मिनिटांत बसत नाहीत. एकच फाइल निवडा आणि तिच्या मागे शेवटपर्यंत जा. माझ्या मते त्यासाठी प्रकल्पाला लागणारा फोटो सगळ्यात चांगला, कारण तो प्रत्येकाने कधी ना कधी उतरवलेला असतो. शिवाय सुरक्षितता आणि श्रेय हे दोन्ही प्रश्न त्या एकाच फोटोत येतात. समजा, विषय आहे ‘निशाचर पक्षी’ आणि फोटो हवाय घुबडाचा.

‘व्हायरस येतो’ एवढंच सांगून थांबणं

‘अनोळखी साइटवरून डाउनलोड केलं की व्हायरस येतो’ हे वाक्य मुलांनी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावरून जातं. त्याऐवजी धोका दिसतो कसा ते दाखवा. घुबडाचा फोटो शोधता शोधता मूल अशा पानावर पोहोचतं जिथे फोटोच्या आजूबाजूला तीन मोठी रंगीत ‘Download’ बटणं असतात. त्यातली बरीचशी जाहिराती असतात. एकावर बोट पडतं आणि फाइल उतरते. तिचं पूर्ण नाव असतं:

```
ghubad.jpg.exe
```

पण विंडोजच्या संगणकावर मुलाला दिसतं फक्त `ghubad.jpg`. ओळखीच्या प्रकारच्या फाइलचं शेवटचं शेपूट विंडोज मुळातच लपवून ठेवतं. वर अशा फाइलचं चिन्हही फोटोसारखं ठेवता येतं. मूल फोटो उघडायला जातं आणि प्रत्यक्षात एक प्रोग्राम सुरू होतो.

हे शेपूट दिसायला लावणं अगदी सोपं आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडून `View`, मग `Show`, मग `File name extensions` वर खूण करायची. विंडोज १० मध्ये हीच खूण वरच्या `View` टॅबमध्ये मिळते. संगणक कक्षातल्या यंत्रांवर हे भाषणाच्या आदल्या दिवशीच करून ठेवा. मग मुलांना एकच गोष्ट लक्षात ठेवायला सांगा: शेवटच्या टिंबानंतर काय आहे ते वाचायचं. `.jpg`, `.png` किंवा `.webp` असेल तर तो फोटो. `.exe`, `.msi` किंवा `.scr` असेल तर तो प्रोग्राम, आणि फोन असेल तर `.apk`. `.zip` ही पिशवी आहे, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि एका फोटोसाठी पिशवीची गरज सहसा पडत नाही.

फोनवर लांब नावं मधूनच तुटून दिसतात, त्यामुळे शेपूट वाचणं तिथे अवघड जातं. तिथे दुसरी खूण उपयोगी पडते. फोटो कधीही ‘इन्स्टॉल’ करावा लागत नाही. तो पाहण्यासाठी वेगळं ॲप टाका, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवण्याची परवानगी द्या किंवा सूचना पाठवायला ‘Allow’ दाबा, असं काहीही पानाने मागितलं की पान बंद करायचं. हे वाक्य भाषणात सावकाश आणि दोनदा म्हणा. पहिलीतल्या मुलालाही ते कळतं.

कुलपावर विसंबायला शिकवणं

पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. कुलपाचा किंवा `https` चा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधला संवाद वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे याची ती हमी नाही. फसव्या साइटलाही कुलूप मिळतं. त्यामुळे ही ओळ भाषणात असेल तर काढून टाका. अर्धवट खरी गोष्ट मुलांना नको तिथे निर्धास्त करते.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट टाळा. व्यासपीठावरून फुकट सिनेमे किंवा गेम देणाऱ्या बेकायदा साइटची नावं घेऊ नका, ‘तिथे जाऊ नका’ असं सांगण्यासाठीसुद्धा नाही. ज्यांना ती नावं माहीत नव्हती त्यांनाही ती कळतात.

‘साभार: गुगल’

आता फोटो नीट उतरला, शेपूट `.jpg` आहे. मूल तो प्रकल्पावर चिकटवतं आणि खाली लिहितं ‘साभार: गुगल’ किंवा ‘सौजन्य: इंटरनेट’. बरेच शिक्षकही याला पूर्ण गुण देतात. पण गुगलने तो फोटो काढलेला नाही. कुणीतरी अंधारात, थंडीत, घुबड हलायची वाट बघत बसून तो काढला आहे. गुगलने फक्त तो कुठे आहे ते दाखवलं. भाषणात आदर हा शब्द एकदाही न उच्चारता एवढंच सांगितलं तरी मुलांना मुद्दा कळतो.

मग नाव शोधायचं कसं, तेही सांगा. नाहीतर ‘श्रेय द्या’ हा नुसता उपदेश राहतो. गुगलच्या चित्रशोधात `Tools` उघडून `Usage Rights` मध्ये `Creative Commons licenses` निवडलं की वापराची परवानगी आधीच दिलेली चित्रं पुढे येतात. ही निवड त्या त्या साइटने दिलेल्या माहितीवर चालते, म्हणून तिथेच न थांबता मूळ पान उघडायचं. त्याचा आणखी एक फायदा आहे: शोधाच्या यादीतलं चित्र बरेचदा छोटी प्रत असते आणि छापल्यावर धूसर येते. मोठी, स्पष्ट प्रत मूळ पानावर असते.

मूळ पान विकिमीडिया कॉमन्स या मोफत वापरता येणाऱ्या चित्रांच्या साठ्याचं असेल तर काम सोपं होतं. फोटोच्या खाली कोणी काढला, कुठून आला आणि कोणता परवाना आहे ते लिहिलेलं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे हे परवाने २००२ पासून वापरात आहेत. त्यांतली अक्षरं सगळी पाठ करून घ्यायची गरज नाही. `BY` म्हणजे नाव द्या, `NC` म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, `ND` म्हणजे बदललेली प्रत पुढे देऊ नका आणि `SA` म्हणजे बदल करून पुढे द्यायचं असेल तर त्याच अटींवर द्या. `CC0` असेल तर कोणतीच अट नाही, पण नाव लिहायला कुणी अडवत नाही.

आपल्या घुबडाच्या फोटोवर समजा `CC BY-SA 4.0` असं आहे आणि मुलाने त्याच्या कडा कापल्या आहेत. तर फोटोखाली अशी ओळ येईल:

```
घुबड. छायाचित्र: (छायाचित्रकाराचं नाव).
विकिमीडिया कॉमन्स. CC BY-SA 4.0. कडा कापल्या आहेत.
```

त्यात फोटोचं नाव, माणसाचं नाव, ठिकाण, परवाना आणि आपण केलेला बदल, एवढं सगळं आलं. शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात, पण या परवान्यात बदल सांगणं ही अट आहे. प्रकल्प संगणकावर असेल तर मूळ पानाचा आणि परवान्याचा दुवाही द्यावा.

श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली?

ही गफलत मोठ्यांमध्येही आहे. फोटोवर कुठलाच परवाना लिहिलेला नसेल तर तो मोकळा आहे असं मुलं धरतात. खरं उलट आहे. निर्मात्यांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराला बांधलेल्या देशांत, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत, फोटो काढताक्षणी त्याचे हक्क काढणाऱ्याकडे जातात. नोंदणी लागत नाही, © ही खूणही लागत नाही. अशा फोटोखाली नाव लिहिणं चांगलंच, पण त्याने परवानगी मिळत नाही. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असं लिहूनही मिळत नाही.

मात्र इथे भाषण दुसऱ्या टोकाला जाऊ देऊ नका. ‘न विचारता काहीही उतरवणं म्हणजे चोरी’ असं ठोकून सांगितलं की मुलांना ते खोटं वाटतं, आणि काही अंशी ते खोटं असतंच. अभ्यासासाठी आणि वर्गात शिकवण्यासाठी बऱ्याच देशांच्या कायद्यात सवलती आहेत, त्यांचे तपशील देशागणिक वेगळे. व्यासपीठावरून एवढा फरक सांगितला तरी पुरे: वहीत चिकटवणं वेगळं आणि तोच फोटो शाळेच्या मासिकात छापणं, स्पर्धेला पाठवणं किंवा आपल्या नावाने सगळ्यांना दाखवणं वेगळं. फोटो वर्गाबाहेर जाणार असेल तर परवाना असलेला घ्या, नाहीतर काढणाऱ्याला विचारा. विचारायला दोन ओळी लागतात: मी कोण, फोटो कुठे वापरणार. उत्तर आलं नाही तर तो फोटो सोडायचा. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

आणि कृपा करून भाषणाच्या स्लाइडवर कुठूनतरी उचललेलं, मधोमध पुसट शिक्का असलेलं चित्र लावू नका. मुलं ते सगळ्यात आधी पाहतात.

‘चुकून उघडलं तर?’ हे न सांगणं

जवळजवळ प्रत्येक भाषणातून हाच भाग सुटतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भीती घालून झाली की मूल चूक लपवतं. फाइल नुसती उतरली असेल आणि उघडली नसेल तर फार काही बिघडलेलं नसतं: ती न उघडता काढून टाकायची, कचराकुंडीही रिकामी करायची. शंका असेल तर `virustotal.com` वर ती अनेक अँटीव्हायरसकडून एकदम तपासता येते. फक्त तिथे टाकलेली फाइल इतरांपर्यंत पोहोचू शकते, त्यामुळे घरचे फोटो किंवा गुणपत्रिका तिथे टाकायची नाही. शिवाय तिथे काही सापडलं नाही म्हणून फाइल निर्धोक ठरत नाही.

फाइल उघडली गेली असेल तर आधी वाय-फाय किंवा केबल बंद करायची, मग लगेच बाईंना, सरांना किंवा घरच्या मोठ्या माणसाला सांगायचं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, त्याच संगणकावर नाही, कारण तिथे टाइप केलेलं कुणी वाचत असू शकतं. मुलाने सांगितल्यावर त्याच्यावर कोणी ओरडणार नाही, हे मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठरवा. मग भाषणात ते कोणाकडे जायचं त्या बाईंचं किंवा सरांचं नाव घेऊन जाहीर करा, आणि त्या व्यक्तीला त्या वेळी व्यासपीठाजवळ उभं राहायला सांगा, म्हणजे सगळ्यात धाकट्या वर्गातल्या मुलालाही चेहरा कळेल.