कर्ज घेतल्यावर भांडवलाचा खर्च कसा काढावा (आणि 'स्वस्त' कर्जाला कसं भुलू नये)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एक कारखाना घ्या. कर्ज नाही. सगळा खर्च, मागांची देखभाल धरून, वर्षाला सरासरी १५ लाख उरतात आणि पुढेही तेवढेच उरतील असं धरू. अशा धंद्यातल्या जोखमीला गुंतवणूकदार १५ टक्के मागतात, म्हणून कारखान्याची किंमत १५ लाख भागिले १५ टक्के, म्हणजे १ कोटी. प्राप्तिकर नाही असं समजा. तो नंतर येईल. आधीच आणलात तर गोंधळ होईल.

आता मालक १० टक्क्यांनी ५० लाख कर्ज काढतात आणि त्यातून निम्म्या वाट्याच्या भागीदाराला मोकळं करतात. नवा माग एकही आलेला नाही, हे लक्षात ठेवा.

व्याज वजा करा: १५ लाखातून ५ लाख गेले, मालकाला १० लाख उरले. ही पायरी कुणी चुकत नाही.

पुढची पायरी म्हणजे मालक आता आपल्या भांडवलावर किती टक्के मागेल, तो नवा दर. इथेच सगळे आपटतात, मीही आपटलो होतो. प्रोजेक्ट रिपोर्ट करायला लागलो त्या काळात असाच एक हिशेब मी केला. निम्मं भांडवल १० टक्क्यांचं, निम्मं १५ टक्क्यांचं, सरासरी साडेबारा. १५ लाखाला साडेबारा टक्क्यांनी भागलं आणि किंमत १ कोटी २० लाख आली! मोठ्या रुबाबात कागद पुढे सरकवला. मालकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अहो साहेब, माग तेच, सूत तेच, गिऱ्हाईक तेच. मग हे वीस लाख आले कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक अशी, की कर्ज आल्यावरही मालकाचा दर मी १५ वरच ठेवला होता. माझाच आकडा तपासला असता तरी पकडलो गेलो असतो. १ कोटी २० लाखातून कर्ज वजा जाता मालकाचे ७० लाख, त्यावर १० लाख म्हणजे जेमतेम १४.३ टक्के. धरले होते १५. कर्ज नसतानापेक्षाही कमी, आणि जोखीम मात्र वाढलेली.

ती किती वाढली ते बघा. सूत महागलं आणि वर्षाला ९ लाखच उरले तर कर्जाविना मालकाला ९ टक्के मिळतात, बरं वर्ष असेल आणि २१ लाख उरले तर २१ टक्के. कर्ज घेतल्यावर बँकेचे ५ लाख आधी जातात, उरलेलं त्याच्या ५० लाखांवर मोजायचं: वाईट वर्षी ८ टक्के, बऱ्या वर्षी ३२. हेलकावा दुप्पट झाला. तो सोसायचा तर मालक जास्त मागणारच. किती, ते असं काढा: कर्जाविना असलेल्या दरातून व्याजदर वजा करा, त्याला कर्ज भागिले स्वभांडवल या प्रमाणानं गुणा आणि आलेला आकडा मूळ दरात मिळवा. १५ वजा १० म्हणजे ५, गुणिले १, मिळून २० टक्के. दोन्ही रकमा बाजारभावाच्या धरा, ताळेबंदातल्या नव्हेत.

आता सरासरी काढा, हाच भांडवलाचा खर्च: निम्मे १० आणि निम्मे २०, म्हणजे १५. किंमत पुन्हा १ कोटी.

फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ साली हे मांडलं. त्यामागचं कारण कुठल्याही व्यापाऱ्याला पटेल. समजा, कर्जवाला कारखाना खरंच १ कोटी २० लाखाला विकला जातोय. त्यातला मालकीचा दहावा हिस्सा ७ लाखाला, उत्पन्न १ लाख. त्याऐवजी शेजारच्या तशाच बिनकर्जी कारखान्याचा दहावा हिस्सा १० लाखाला घ्या, ५ लाख स्वतःचे, ५ लाख १० टक्क्यांनी उसने. उत्पन्न दीड लाख, व्याज पन्नास हजार, हातात तोच १ लाख. ७ लाख कोण देईल? मात्र तुम्हाला कारखान्याच्याच दरानं कर्ज मिळालं पाहिजे. सावकाराच्या दरानं हे जमत नाही.

"कर्ज ८० लाख केलं तर मालकाचा दर पस्तिसावर जाईल," असं कुणी म्हटलं तर थांबवा. एवढ्या कर्जाला बँक १० टक्क्यांवर राहत नाही. ती १२ मागते असं धरलं, तर १५ अधिक ४ गुणिले ३, म्हणजे २७. सरासरी ९.६ अधिक ५.४, परत १५. जोखमीचा थोडा भाग आता बँकेनं उचलला, म्हणून मालकाचा दर तेवढा चढला नाही.

अनुदानामुळे व्याज बाजारभावापेक्षा स्वस्त पडत असेल, तर फायदा खरा आहे, पण तो अनुदानाचा. कर्जाच्या प्रमाणाचा नव्हे. तो वेगळ्या ओळीत लिहा. व्याजामुळे वाचणारा करही तसाच, पुढच्या ओळीत.