वर्षभरात चार्ज न टिकणारा इलेक्ट्रिक टूथब्रश: दोष बैठकीचा की सेलचा?

बहुतेक इलेक्ट्रिक टूथब्रशांना चार्जिंगसाठी धातूचे टोक नसते. चार्जरच्या बैठकीतल्या खुंटीभोवतीच्या कॉइलमधून वीज प्लास्टिकच्या आडून दांड्यात जाते, त्यामुळे तळाच्या खळग्यात पेस्टचा वाळलेला थर साचला की ब्रश नीट बसत नाही आणि चार्जिंग अर्धवट राहते. बैठक प्लगमधून काढून खळगा व खुंटी ओल्या कापडाने पुसावी, कोरडी करावी आणि ब्रश सलग चोवीस तास चार्जिंगला ठेवावा.

नंतर तो बंद पडेपर्यंत चालवून वेळ मोजावी. दिवसातून दोनदा दोन मिनिटे या हिशेबाने चौदा दिवस चालणारा ब्रश नवेपणी सुमारे 56 मिनिटे चालतो. तो सहा मिनिटांतच थांबला, तर सेल थकला आहे. चार्जिंगचा दिवा लागतच नसेल, तर संशय आधी बैठकीवर घ्यावा आणि जमल्यास त्याच मॉडेलची दुसरी बैठक वापरून पाहावी.

सेल आत डाख देऊन बसवलेला असतो. दांडा उघडल्यास जलरोधक सील तुटते आणि वॉरंटीही बहुधा जाते, म्हणून आधी बिल तपासावे. निकेल-मेटल हायड्राइडच्या जागी लिथियम-आयन सेल मात्र कदापि बसवू नये, कारण दोघांचे चार्जिंग सर्किट वेगळे असते.