पुढच्या तारखेचा चेक भरताना

पुढच्या तारखेचा चेक आधीच बँकेच्या पेटीत टाकला तर पैसे येत नाहीत, चेकच परत येतो आणि वर दंड लागू शकतो.

१. समजा चेकवर १५ तारीख आहे. त्या दिवशी सकाळीच शाखेत काउंटरवर भरा आणि स्लिपवर शिक्का घ्या. पेटीत टाकला तर पोच मिळत नाही आणि वेळ उलटून गेली की चेक दुसऱ्या दिवशीच्या क्लिअरिंगला जातो.

२. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर चेक देणाऱ्याला आदल्या दिवशीच त्याच्या बँकेत ‘पॉझिटिव्ह पे’ची, म्हणजे चेकचा तपशील आधीच कळवण्याची, नोंद करायला सांगा. मोठ्या रकमेचे चेक इथे अडकू शकतात.

३. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसा सतत पुढे पाठवले जातात. देणाऱ्याच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यायचे असते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जमा नसेल तर शिक्क्याची स्लिप घेऊन शाखेत जा. चेक परत आला असेल तर कारण लिहिलेला रिटर्न मेमो मागा.

सावधान: चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. शिल्लक नसल्याने परतला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते.