व्हेंडरला फीडबॅकचा मेल लिहिताना या चुका टाळा

व्हेंडर एकदा चुकला तर फोनवर मिटतं. पण तीच चूक तिसऱ्यांदा येते तेव्हा मेल लिहायला लागतो आणि तिथेच बरेच जण घोळ घालतात. एकतर सगळा राग ओततात, नाहीतर इतकं गुळमुळीत लिहितात की समोरच्याला कळतच नाही नेमकं बिघडलंय काय.

पुठ्ठ्याच्या बॉक्सचं उदाहरण घेऊ. ठरलंय असं की आतली लांबी 300 मिमी, जास्तीत जास्त 3 मिमी इकडेतिकडे चालेल. सलग तिसऱ्या लॉटमध्ये काही बॉक्स आखूड आलेत, माल आत बसत नाहीये. आता नेहमीचा मेल काय जातो, "क्वालिटी खूप खराब आहे, वारंवार सांगूनही सुधारणा नाही, कृपया लक्ष द्यावे." यावर व्हेंडर तरी काय करणार? तो "सॉरी सर, लक्ष देतो" लिहून मोकळा होतो, कारण तुम्ही मागितलंच लक्ष होतं.

त्याऐवजी असं लिहा:

"पीओमधल्या ड्रॉइंगप्रमाणे आतली लांबी 297 ते 303 मिमी हवी. या लॉटमधले 50 बॉक्स आम्ही मोजले, 11 बॉक्स 293 ते 295 मिमी निघाले, बाकीचे बरोबर आहेत. हे 11 बॉक्स ज्या बंडलांमधले आहेत त्यांच्या स्लिपचे आणि माप घेतानाचे फोटो जोडलेत. मागच्या दोन्ही लॉटमध्ये हाच प्रॉब्लेम होता, ते मेल याच थ्रेडमध्ये खाली आहेत."

यात एकही कडक शब्द नाही, तरी हा मेल टाळणं अवघड आहे. आणि "बाकीचे बरोबर आहेत" हे वाक्य नक्की ठेवा. ते निव्वळ गोड बोलणं नाहीये, त्यातूनच कळतं की मशीन बरोबर माप देऊ शकतं, म्हणजे मधेच कुठेतरी काहीतरी बदलतंय.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी, म्हणजे पहिलं उत्तर आलं की मान्य करून टाकणं. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "ऑपरेटरला समज दिली आहे, पुन्हा होणार नाही." हे कारण नाही, आश्वासन आहे. यावर चिडून न लिहिता सरळ प्रश्न विचारा: हे 11 बॉक्स कुठल्या शिफ्टचे आहेत, सेटिंग कोणत्या मापावर केलं होतं आणि तुमच्याकडे चेकिंग करताना माप आतून घेतात की बाहेरून?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण 3 मिमी जाडीचा पुठ्ठा असेल तर दोन्ही बाजू धरून आतल्या आणि बाहेरच्या मापात साधारण 6 मिमी फरक पडतो. आता स्लिपवरून ते सगळे बॉक्स एकाच शिफ्टचे निघाले आणि त्यांच्या जॉबकार्डवर नुसतं "300" लिहिलेलं सापडलं, तर उलगडा झालाच, त्या शिफ्टने 300 हे बाहेरचं माप धरलं. ऑपरेटरला कितीही झापलं असतं तरी चौथा लॉट तसाच आला असता. जॉबकार्डवर "आतलं माप" हे दोन शब्द घालायला सांगा, बदललेल्या कार्डाचा फोटो मागा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. घाई असते म्हणून ते आखूड बॉक्स कसेबसे वापरून टाकतात आणि मेलमध्ये त्याचा उल्लेखच करत नाहीत, मग पुढच्या वेळी व्हेंडर म्हणतो "मागच्या वेळी तर चाललं होतं" आणि त्याचंही काही चुकत नाही, तुम्ही न बोलता ठरलेलं माप सैल करून ठेवलेलं असतं. वापरावेच लागले तर स्पष्ट लिहा की फक्त याच लॉटपुरते, इतके बॉक्स घेतोय, ड्रॉइंगमधलं माप तेच राहील.

सीसीमध्ये पहिल्याच मेलला त्यांच्या मालकाला घालू नका. त्यांचा क्वालिटीवाला मग कारण शोधायचं सोडून स्वतःला वाचवत बसतो. तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मालकाला घाला, पण तसं आधी कळवून. आणि तारीख म्हणजे तारीख, "लवकरात लवकर" नाही. खराब बॉक्स बदलून कधी देणार याची एक आणि कारण कधी कळवणार याची वेगळी, कारण बदली माल आला की कारणाचं उत्तर हमखास राहून जातं.

शेवटी थ्रेड बंद करायची घाई नको. पुढचा लॉट येईपर्यंत उघडा ठेवा, आला की दोन्ही शिफ्टच्या बंडलांमधले बॉक्स आतून मोजा आणि आकडे त्याच थ्रेडमध्ये टाका, बरोबर आले असले तरी टाका. परत आखूडच निघाले तर डेबिट नोट, नवा व्हेंडर वगैरे विषय वेगळ्या मेलमध्ये, फीडबॅकच्या मेलमध्ये ते मिसळू नका.