रोबोटच्या हाताने एकसारख्या दाबाने पुसायचं कसं

रोबोटचा हात ठरलेली जागा अचूक गाठतो, आणि पुसताना नेमकी तीच अडचण होते. कडक पॅड १ मि.मी. दाबायला ५० न्यूटन लागत असतील, तर अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने दाब २५ न्यूटनने बदलतो. म्हणून पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेत जागा न पाळता दाब पाळायचा. बाकीच्या दिशांत हात नेहमीसारखा मार्गावर चालू द्या. आपल्याला १० न्यूटन दाब हवा आहे असं धरू.

आधी मनगटावरच्या फोर्स सेन्सरच्या आकड्यातून अवजाराचं वजन वजा करा. १.२ किलोचं अवजार ३० अंश कललं, तर सेन्सरच्या अक्षावरचं वजन सुमारे १.६ न्यूटनने घटतं. हात हवेत वेगवेगळ्या कोनांत फिरवून पाहा. वजन नीट वजा झालं असेल, तर आकडा शून्याजवळच राहतो.

मग पॅडचा कडकपणा मोजा. पॅड टेकवून हळूहळू दाबत जा आणि दर मिलिमीटरला दाब किती वाढतो ते लिहून ठेवा. आपल्या फोमच्या पॅडला समजा २ न्यूटन लागले.

आता दर ८ मिलिसेकंदांनी हे चालवा. `z` म्हणजे पृष्ठभागाच्या आत जाणारी दिशा, मिलिमीटरमध्ये; `F` म्हणजे मोजलेला दाब.

```
v = (10 - F) / B
v = max(-20, min(20, v))
z = z + v * 0.008
```

सगळी कसोटी `B` ठरवण्यात आहे. कडकपणाला `B` ने भागलं, की दाब किती झपाट्याने सुधारेल ते कळतं. सेन्सरपासून मोटरपर्यंत ३० मिलिसेकंदांचा उशीर होत असेल, तर सुधारायला त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण ०.१ सेकंद द्या. त्याहून घाई केली की दाब वरखाली होऊ लागतो, आणि आणखी घाई केली तर पॅड टकटक आपटतो. त्या हिशेबाने कडक पॅडला `B` = ५ आणि फोमला ०.२ येतो.

हा फरक चढावर कळतो. हात सेकंदाला १०० मि.मी. सरकतोय आणि पृष्ठभाग त्या वेळात २ मि.मी. वर येतोय, असं समजा. तेवढ्या वेगाने मागे हटायला दाब `B` च्या दुप्पट वाढावा लागतो: कडक पॅडवर १० न्यूटन, म्हणजे हव्या त्याच्या दुप्पट दाब, आणि फोमवर फक्त ०.४. म्हणून माझा आग्रह असा, की प्रोग्रॅममधले आकडे बदलत बसण्याआधी पॅड मऊ करा.

कडेवरून पॅड सुटला की दाब शून्य होतो आणि प्रोग्रॅम पृष्ठभाग शोधत खाली धावतो. वरच्या सूत्राने फोमचा वेग ५० निघाला असता. दुसऱ्या ओळीने तो २० वर अडतो. त्याशिवाय, पॅड १० न्यूटनने दबलेला धरून ठरवलेल्या मार्गापेक्षा ३ मि.मी. खोल गेल्यास हात थांबेल अशी मर्यादाही घाला.