प्रगतिपुस्तकाच्या फोटोवरून सत्रवार तक्ता

प्रगतिपुस्तकाची चौकट छापील असते, पण आतले आकडे आणि शेरे बाईंच्या किंवा सरांच्या हातचे. गूगल लेन्ससारखे ॲप छापील मराठी बऱ्यापैकी वाचते, हस्ताक्षरात मात्र वारंवार घसरते. म्हणून महिन्यांची नावे आणि मथळे लेन्सने उचलावेत, हाताने लिहिलेले आपण टाइप करावे.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून काढा. लॅमिनेशन चमकत असेल तर पुस्तक थोडे फिरवा. ॲपला देण्याआधी मुलाचे नाव आणि आधार क्रमांक असलेला भाग कापून टाका.

गूगल शीट्समध्ये प्रत्येक सत्राला एक ओळ द्या. रकाने असे: सत्र, कामाचे दिवस, हजर दिवस, टक्के, क्रमांक, पट, शेरा. आकडे इंग्रजी अंकांत टाका, म्हणजे बेरीज बिनबोभाट होते. टक्क्यांच्या रकान्यात हे सूत्र लिहून त्याला टक्केवारीचे स्वरूप द्या:

```
=IF(C2>B2,"तपासा",C2/B2)
```

आता हजेरी. समजा, जून ते ऑक्टोबर हजर दिवस १२, २४, १७, २४, १४ आहेत आणि खाली एकूण ९१ लिहिले आहे. ऑगस्टचे १७ तुम्ही ११ वाचले, तर सूत्र काही बोलणार नाही, कारण सत्राचे हजर दिवस तरीही कामाच्या दिवसांपेक्षा कमीच राहतात. पण बेरीज ८५ येईल. सहाचा फरक दिसला की फोटो मोठा करून एकेक महिना पुन्हा पाहा. (कधी कधी बेरीज शाळेकडूनही चुकलेली असते. तेव्हा महिन्यांचे आकडे धरा आणि बाजूला तशी नोंद करा.) कामाचे दिवस १०१ असतील तर पहिल्या सत्राची हजेरी ९०.१ टक्के.

खरा घोळ दुसऱ्या सत्रात होतो. तिथे शेवटी बऱ्याचदा वर्षाची बेरीज असते: २२७ पैकी २०९. तीच उतरवली तर ९२.१ टक्के येतात आणि कुणाला शंकाही येत नाही. नोव्हेंबर ते एप्रिलचे दिवस वेगळे मोजले की १२६ पैकी ११८, म्हणजे ९३.७ टक्के, हा खरा आकडा मिळतो.

क्रमांक ‘७/१२’ असा एकत्र टाकू नका. शीट त्याची तारीख करून टाकते, सातबारा बाजूलाच राहतो! ७ एका रकान्यात, १२ चा पट दुसऱ्यात. अनेक शाळा क्रमांक देत नाहीत, नुसती श्रेणी देतात. तिथे रकाना रिकामा सोडा. ‘ब-१’ मधला १ हा पहिला क्रमांक नव्हे.

शेरा जसाच्या तसा उतरवा. ‘गणिती क्रिया अचूक करतो, वाचताना अडखळतो’ याचे ‘वाचन कच्चे’ केलेत, तर पुढच्या सत्रात ‘वाचनात गती हवी’ आल्यावर अडखळणे थांबले की नाही, हे कळणार नाही. न लागलेल्या शब्दाच्या जागी [?] टाका, अंदाजाने भरू नका. पालकसभेत बाईंना तोच शब्द विचारता येतो.