सॉफ्टवेअरचा मराठी करार दुकानदाराला समजावताना या चुका टाळा

करारांची भाषांतरं करायची आणि वर दुकानदाराला ती समजावायलाही मीच बसायचं, असं माझं चालतं. मागे एका होलसेल किराणावाल्या काकांचं बिलिंग सॉफ्टवेअर शनिवारी संध्याकाळी सहा तास बंद पडलं. महिना २,००० रुपये, वर्षाचे पैसे आधीच भरलेले. काका करार नाचवत म्हणाले, "अहो यात ९९.९ टक्के अपटाइमची गॅरंटी लिहिलीय, मग माझं नुकसान कोण भरणार?"

कोणी नाही भरणार काका. पण हे त्यांना सही करायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

पहिली चूक, टक्के टक्क्यांतच सांगणं. मिनिटं सांगा. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं, त्यातली साधारण ४३ मिनिटं बंद राहिलं तरी कंपनी शब्दाला जागली असंच धरतात. आणि हिशोब महिन्याचा की वर्षाचा ते आधी बघा, कारण वर्षाचा असेल तर पावणेनऊ तासांची सूट मिळते आणि काकांचे सहा तास त्यात गपगुमान बसले असते.

सुदैवाने इथे महिन्याचा होता. पण सहातले दोन तास आधी कळवलेला मेंटेनन्स, तो मोजत नाहीत. उरले २४० मिनिटं, म्हणजे अपटाइम ९९.४४ टक्के. करारात ९९ ते ९९.९ च्या मध्ये १० टक्के क्रेडिट, म्हणजे २०० रुपये. तेही हातात नाही, पुढच्या बिलातून वजा, आणि वर्षाचं बिल भरलेलं असल्यामुळे पुढचं बिल थेट रिन्युअलला! शिवाय ३० दिवसांत बंद पडल्याची तारीख-वेळ लिहून मागितलं नाही तर तेही गेलं.

खरा घोळ भाषांतरात होता (माझं नव्हतं हां). सर्व्हिस क्रेडिटला "नुकसानभरपाई" लिहिलेलं, आणि इंग्रजीत "याशिवाय दुसरं काहीही मागता येणार नाही" असं होतं ते मराठीत "क्रेडिट मिळेल" एवढंच उरलेलं. आता शेवटच्या पानावर "तफावत असल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य" असं असेल, तर मराठी वाचून भांडून उपयोग नाही, म्हणून ते कलम मी सगळ्यात आधी उघडतो.

दुसरं म्हणजे टर्मिनेशनला "रद्द करणे" म्हणू नका, लोकांना रेल्वेचं तिकीट आठवतं, कापून घेऊन का होईना पैसे परत येतील असं वाटतं. इथे तसं नव्हतं. काका स्वतःहून मधेच सोडणार तर उरलेल्या महिन्यांचे पैसे बुडाले. कंपनीने करार मोडला म्हणून सोडायचं तर आधी लेखी नोटीस, मग दुरुस्तीला ३० दिवस, आणि एकदा बंद पडणं म्हणजे करार मोडणं नव्हेच. काही करारांत लागोपाठ तीन महिने अपटाइम कमी आला तर सोडता येतं, काकांच्यात ते कलमच नव्हतं.

मग उरलं रिन्युअल. १ एप्रिलला आपोआप रिन्यू होणार, नको असेल तर ६० दिवस आधी कळवा, म्हणजे ३१ जानेवारी. फेब्रुवारीत जाग आली तर अजून एक वर्षाचे पैसे. आणि करार संपल्यावर डेटा फक्त ३० दिवस ठेवतात, तेवढ्यात गिऱ्हाइकांची उधारी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची.

काकांनी तिथेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३१ जानेवारीला लाल गोल केला, आणि २०० रुपयांचा मेल मात्र मलाच टाइप करायला लावला.